शेडिंगच्या स्लाइड एकसारख्याच दिसतात? कागदाचा कोरा कोपरा आधी तपासा

नवशिक्यांसाठी शेडिंगच्या पायऱ्या दाखवणारं कॅरोसेल करताना एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक स्लाइडवर एक पायरी मांडलेली असते, कागदावर ती स्पष्ट दिसतही असते, पण फोनवर दुसरी आणि तिसरी स्लाइड सारखीच वाटते. चौथीत अचानक सगळं काळं होतं आणि पाचवीत ते पुन्हा फिकटतं. शिकणारा मागेपुढे सरकवत राहतो, त्याला काय बदललं ते कळत नाही, आणि शेवटी तो पेन्सिल दाबून सगळं एकदम गडद करतो.

गुहागरकडच्या एका शिक्षिकेनी पावसाळ्यात असंच एक कॅरोसेल पाठवलं होतं. विषय सोललेला नारळ, साहित्य शाळेत मिळतं तेवढंच: चित्रकलेच्या वहीचा कागद, एचबी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर. त्यांचा प्रश्न सरळ होता.

"सर, कागदावर फरक दिसतो. मोबाइलवर का दिसत नाही? मुलं म्हणतात, दोन आणि तीन एकच आहेत."

"मॅडम, नारळाकडे बघू नका. प्रत्येक स्लाइडमध्ये कागदाचा जो कोरा कोपरा राहिलाय ना, फक्त तेवढाच बघत स्लाइड सरकवा."

पहिल्या स्लाइडमधला कोपरा करडा होता, तिसऱ्यात थोडा उजळ आणि पाचव्यात जवळजवळ पांढरा. कागद तोच, जागा तीच, तरी कोपरा बदलत होता. अशा वेळी दोष चित्रात शोधून उपयोग नाही, तो फोटो घेताना शिरलेला असतो. तुमच्या कॅरोसेलवरही आधी हीच तपासणी करा. कोपरा सगळीकडे सारखा असेल आणि तरीही पायऱ्या ओळखू येत नसतील, तर मात्र दोष छटांमध्ये आहे. त्याकडे पुढे येतो.

फोन फरक पुसतो तो कसा

फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या वेळी उजेड किती घ्यायचा ते नव्याने ठरवतो. समोर जवळपास कोरा पांढरा कागद असला की त्याला दृश्य फार उजळ वाटतं, म्हणून तो उजेड कमी करतो आणि कागद करडा येतो. तुम्ही पुढच्या पायरीत काळं भरलंत की दृश्य गडद झालं असं समजून तो उजेड वाढवतो. म्हणजे तुम्ही जितकं गडद कराल तितकं फोन उजळवत जातो. तुम्ही कष्टाने आणलेला दोन पायऱ्यांमधला फरक तो भरून काढतो. नवीन फोनमध्ये याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते: सावलीचे भाग तेवढेच वेगळे उचलून उजळ केले जातात. माणसांच्या फोटोला ते बरं असतं, पण पेन्सिलच्या पडछायेची त्यात वाट लागते.

यावर बरेच जण कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप वापरतात. ते इथे अजिबात वापरू नका. त्या ॲपचं काम अक्षरं काळी आणि कागद पांढरा करणं. हलक्या हाताने भरलेली एचबीची पहिली छटा त्याला डाग वाटते, तो ती पुसून टाकतो. स्लाइड दोनमध्ये काहीच दिसत नाही आणि तीनमध्ये एकदम मधली छटा उगवते, असं झालं असेल तर बहुधा हेच कारण असतं.

उजेड पक्का धरून ठेवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. पडद्यावर कागदाच्या जागी बोट दाबून धरलं की आयफोनवर AE/AF Lock असं दिसतं. अनेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. पण ही सोय पायऱ्यांच्या मालिकेला पुरत नाही. एका पायरीनंतर दुसरी रंगवायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर कॅमेरा बंद होतो, कुलूप सुटतं आणि बाहेरचं आभाळही बदललेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडे सर येऊन गेली की खोलीतला उजेड काही मिनिटांत वेगळाच होतो. त्यामुळे प्रत्येक पायरीला वेगळा फोटो घेणं हीच मूळ अडचण आहे, आणि मला पटलेला उपाय म्हणजे फोटो एकदाच घेणं.

सगळ्या पायऱ्या एकाच कागदावर, फोटो एकच

एकाच चित्रावर पुढे पुढे काम करत न जाता एकाच कागदावर तीच वस्तू सहा वेळा काढायची आणि प्रत्येक चित्र वेगवेगळ्या पायरीवर थांबवायचं. सगळं पूर्ण झालं की पूर्ण कागदाचा एक फोटो घ्यायचा आणि त्यातून सहा तुकडे कापायचे. उजेड, रंग, फोनचा निर्णय, सगळं सहाही स्लाइडना एकच मिळतं. शिवाय एखादा फोटो हलला तर मागची पायरी हरवत नाही, कारण ती कागदावर शिल्लक असते.

मापं अशी घ्या. ए४ कागद आडवा ठेवा. त्यावर ८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच अशा सहा चौकटी आखा, वरच्या ओळीत तीन, खालच्या ओळीत तीन, मध्ये अर्धा सेंमी जागा. चौकटींची एकूण रुंदी २५ सेंमी होते आणि उंची साडेवीस. चौकटी डावीकडे सरकवून आखा, म्हणजे उजवीकडे एक उभी मोकळी पट्टी राहील. ती आपल्याला लागणार आहे. ८ ला १० हे माप मुद्दाम आहे, कारण इन्स्टाग्रामवरच्या उभ्या स्लाइडचं ४:५ हे प्रमाण त्यात तंतोतंत बसतं. कॅरोसेलमधल्या सगळ्या स्लाइड एकाच प्रमाणात असल्या की चित्राची कड कुठे कापली जात नाही.

एका फोटोचे सहा तुकडे केल्यावर ते धूसर होतील ही शंका येते. हिशेब करून पाहू. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. कागदाची २९.७ सेंमी रुंदी फ्रेममध्ये पुरती भरली, तर एका सेंटिमीटरला सुमारे १३५ पिक्सेल येतात. म्हणजे एका चौकटीला सुमारे १०८० बाय १३५०. स्लाइडला तेवढेच पुरतात. मात्र फोन जवळ नेऊन फ्रेम भरायला हवी. टेबलाचा अर्धा भाग फोटोत आला तर हा हिशेब कोसळतो. झूम करू नका, फोनच खाली आणा.

नारळ नको, अंडं घ्या

आपल्याकडे पहिलं चित्र नारळाचं, नाहीतर हापूसचं काढायचा मोह होतो. समोर वस्तू असते, सगळ्यांच्या ओळखीची असते. शेडिंगच्या पहिल्या धड्याला मात्र दोन्ही गैरसोयीची आहेत. सोललेला नारळ मुळातच तपकिरी असतो, त्यामुळे उजेडाकडची बाजूही गडद भरावी लागते. शेंड्या आणि रेषा वेगळ्या. नवशिक्याला कळत नाही की हे काळं सावलीचं आहे की नारळाच्या रंगाचं. आंब्यावर हिरवा, पिवळा, कधी लालसर असे रंग असतात, तिथेही तोच गोंधळ. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळं आकाराने छान, पण त्यांच्यावर चकाकी असते आणि चकाकीत खोलीतली खिडकीच उमटते.

पांढरं अंडं घ्या. घरात अंडं चालत नसेल तर टेबल टेनिसचा पांढरा चेंडू. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नाही, म्हणून जे गडद दिसतं ते फक्त सावलीमुळे. अंडं कोऱ्या पांढऱ्या कागदावर आडवं ठेवा, उजेड डाव्या बाजूच्या एकाच खिडकीतून येऊ द्या, वरचा दिवा बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की दोन पडछाया पडतात आणि पहिल्याच पायरीत घोळ होतो.

सहाही आकार सारखे यायला हवेत, नाहीतर स्लाइड सरकवताना अंडं उडी मारतं आणि डोळा छटेऐवजी आकारातला बदल बघत बसतो. पुठ्ठ्याचा साचा कापा, लांबी ५ सेंमी आणि उंची पावणेचार. साच्याच्या मागे चौकटीच्या डाव्या कडेपासूनचं अंतर लिहून ठेवा आणि प्रत्येक चौकटीत त्याच जागी ठेवून एचबीने हलकी रेघ ओढा. उजवीकडे पडछायेला दोन सेंमी जागा राहू द्या.

आधी पट्टी, मग पायऱ्या

उजवीकडे जी मोकळी जागा सोडली तिथे एक सेंमीचे पाच चौकोन एकाखाली एक आखा. पहिला कोरा कागद. दुसरा एचबीने हलका, पण खरंच दिसेल इतका. तिसरा २बीचा एक थर. चौथा २बीचे दोन थर. पाचवा ४बीने, कागद शक्य तितका झाकेपर्यंत. २बी नसेल तर तिसरा आणि चौथा ४बीनेच हलक्या हाताने भरा.

आता कोपरा सारखा असूनही पायऱ्या ओळखू न येण्याचं कारण बघू. दुसऱ्या चौकोनाबद्दल थोडं थांबायला हवं. एरवी आपण पहिली छटा अगदी हळुवार देतो आणि चित्रासाठी ते बरोबरच आहे. पण तीच छटा उन्हात धरलेल्या, मंद केलेल्या फोनच्या पडद्यावर कागदापासून वेगळी कळत नाही. कॅरोसेलसाठी ती नेहमीपेक्षा थोडी गडद ठेवा. खात्री करायची तर पट्टीचा फोटो काढा, पडद्याचा उजेड निम्मा करा आणि फोन हात लांब करून धरा. पहिला आणि दुसरा चौकोन वेगळे दिसले नाहीत, तर दुसऱ्यावर आणखी एक थर द्या. तिसरा-चौथा एकत्र झाले, तर चौथा वाढवा. पट्टी जमेपर्यंत अंड्याला हात लावू नका. पट्टीत जो फरक दिसत नाही, तो अंड्यावर दिसणार नाही.

ही पट्टी नंतर फोटोतून कापून सहाही स्लाइडच्या खालच्या कडेला लावायची. बघणाऱ्याच्या फोनचा पडदा आपल्या हातात नाही. पण "या पायरीत पट्टीतली तिसरी छटा" असं लिहिलं आणि ती छटा त्याच स्लाइडवर दिसली, तर त्याला स्वतःच्या कागदावर तुलना करता येते.

पहिल्या चौकटीत बाह्यरेषा, पडछायेची रेषा आणि अंड्यावर उजेड संपून सावली सुरू होते ती सीमारेषा काढायची. ही सीमारेषा बहुतेक कॅरोसेलमध्ये नसतेच आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ती सरळ नसते, अंड्याच्या गोलाईबरोबर वळते. डोळे बारीक करून वस्तूकडे पाहिलं की सापडते. बाजूला उजेडाच्या दिशेचा बाण काढा.

दुसऱ्या चौकटीत सीमारेषेच्या पलीकडची अंड्याची बाजू आणि पडछाया, दोन्ही एकाच सपाट छटेने भरायच्या, पट्टीतली तिसरी. कुठेही कमी-जास्त नाही, रेघा एकाच दिशेने. अनेक जण आधी उजेडाच्या बाजूची फिकट छटा भरतात आणि मग गडदाकडे जातात. कॅरोसेलमध्ये तो क्रम तोट्याचा, कारण एक आणि दोनमधला फरक नखाएवढा राहतो. सावली आधी भरली की पहिल्या दोन स्लाइडमध्येच अंडं दोन भागांत फुटून दिसतं आणि शिकणाऱ्याला मुख्य गोष्ट समजते: उजेड कुठे, सावली कुठे.

तिसऱ्या चौकटीत दुसरीतलं सगळं करून शिवाय सीमारेषेपासून उजेडाकडे विरत जाणारी मध्यछटा द्यायची, एचबीने, पट्टीतली दुसरी. सर्वात उजळ जागा कोरीच. इथे बोटाने घासू नका. कोकणातला घाम आणि हाताला लागलेलं खोबरेल तेल कागदात उतरतं, त्यावर शिसं डागासारखं धरतं आणि तो डाग खोडरबरने जात नाही. मनगटाखाली कोरा कागद ठेवा.

चौथ्यात सीमारेषेच्या लगेच आत, सावलीच्या बाजूला, चौथ्या छटेचा पट्टा येतो. अंड्याच्या अगदी कडेला मात्र तिसरी छटाच राहू द्यायची, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरून उसळलेला उजेड तिथे पोचतो. हा परावर्तित उजेड कितीही मोहक वाटला तरी उजेडाच्या बाजूइतका उजळ ठेवायचा नाही. ठेवला की अंडं पत्र्याचं वाटू लागतं. पाचव्यात पडछाया: अंडं कागदाला टेकतं तिथे पाचवी छटा, तिथून दूर जाताना चौथी, मग तिसरी, आणि कड हळूहळू मऊ. सहाव्यात उजळ जागा खोडरबरच्या कापलेल्या टोकाने साफ करा आणि सावलीच्या बाजूची बाह्यरेषा शेजारच्या छटेत मिसळून टाका.

हे सहाही एकामागून एक पूर्ण करत बसू नका. दुसरीची सपाट छटा दोनपासून सहापर्यंतच्या सगळ्या चौकटींत एकाच बैठकीत भरा, मग तिसरीची छटा तीन ते सहामध्ये, असं पुढे. हाताचा दाब त्या वेळेपुरता सारखा असतो, त्यामुळे चौकटी एकमेकींशी जुळतात.

सर्दावलेला कागद

वरचं सगळं करूनही छटा ठिपक्याठिपक्यांची येते, ४बी दाबूनही काळी होत नाही, खोडलं की कागदाची लव उठते. जून ते सप्टेंबर असं झालं तर पेन्सिल बदलू नका, कागद तपासा. हवेतली ओल शोषून कागदाचे तंतू फुगतात आणि मऊ पडतात. टोक शिसं सोडण्याऐवजी कागदात रुततं, चर पडतात आणि पुढचे थर त्या चरांवरून उडी मारून जातात. कोपऱ्याला धरून कागद झटका: कोरडा कागद कडक आवाज करतो, सर्दावलेला लुळा हलतो.

असा कागद काम सुरू करण्याआधी दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून कमी तापवलेली इस्त्री फिरवावी, वाफ न वापरता, आणि लगेच प्लायवूडच्या फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवावा. काम थांबवलं की फळीसकट प्लास्टिकच्या पिशवीत. चित्र काढल्यावर इस्त्री करू नका, वरच्या कागदाला शिसं लागतं.

फळीवर बसवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फोटोशी जोडलेलं आहे. ओलीने कागदाला लाटा येतात. बाजूने उजेड आला की प्रत्येक लाटेला स्वतःची उजळ आणि गडद बाजू मिळते. डोळा ते सोडून देतो, कॅमेरा टिपतो, आणि स्लाइडवर कोऱ्या कागदातही शेडिंग दिसतं.

फोटोची जागा

पडवीतला उजेड चांगला, पण तिथे रंगाची अडचण असते. अंगणातल्या तांबड्या मातीवर, चिऱ्याच्या भिंतीवर ऊन पडलं की कागदावर लालसर झाक येते. पावसात समोरची झाडी हिरवी झाक देते. पेन्सिलच्या चित्राला यावर सोपा उपाय आहे: फोटो संपादनात रंगाची मात्रा शून्यावर न्या. खोलीत काढत असाल तर खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको.

उजेड पूर्ण कागदावर सारखा आहे का, ते मात्र बघावंच लागतं, कारण आता सगळं एकाच फोटोवर आहे. कागद खिडकीला चिकटून ठेवला तर खिडकीकडच्या चौकटी उजळ आणि लांबच्या गडद येतात. खिडकीपासून दीड-दोन मीटर मागे आलात की हा फरक बराच कमी होतो. लांबच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला तर आणखी. आधी त्याच जागी कोऱ्या कागदाचा फोटो काढून चारही कोपरे तपासा.

फोन कागदाच्या बरोबर वर, समांतर, दोन स्टुलांवर आडव्या ठेवलेल्या फळीवर. हाताची सावली पडू नये म्हणून टायमर लावा. ४बीचा भाग फोटोत चंदेरी दिसला तर ती शिशाची चमक असते. कागद बसवलेली फळी नव्वद अंशांत वळवून फोटो पुन्हा घ्या. थेट उन्हात कधीच नको, कागदाचा प्रत्येक खडबडीत कण आपली सावली टाकतो.

आधीच काढलेल्या फोटोंचं काय

गुहागरच्या शिक्षिकांकडे नारळाचे जुने फोटो होतेच. ते थोडेफार सुधारता येतात. कोरा कोपरा सर्वांत चांगला दिसणारी स्लाइड नमुना म्हणून धरायची आणि बाकीच्यांचा उजेड कमी-जास्त करून त्यांचा कोपरा तिच्यासारखा करायचा. करड्या आलेल्या स्लाइड यात बऱ्याच सुधारतात. पण जिथे कागद आधीच पांढराफटक झालाय, तिथली पहिली हलकी छटा फोटोत उतरलेलीच नाही. उजेड कितीही कमी केला तरी ती परत येत नाही, नुसता करडेपणा येतो. त्यांच्या पाचव्या स्लाइडचं तसंच झालं होतं. अशी एखादी पायरी नव्याने काढून जुन्या पाच स्लाइडमध्ये घुसवली तर ती लगेच वेगळी पडते. त्यांना मी सहाही पायऱ्या एका कागदावर काढायला सांगितल्या, अंड्याच्या, आणि नारळ दुसऱ्या कॅरोसेलसाठी राखून ठेवायला, जिथे मुलांना सावली आधीच ओळखता येत असेल आणि शिकायचा असेल तो वस्तूचा रंग.